नाव झाकून वाचलेला परिचय

“ताई, कार्यक्रमपत्रिकेसाठी शंभर शब्दांत परिचय मागितलाय. मी लिहितो तो नोकरीच्या अर्जासारखा होतो. पदवी, पुरस्कार, कोणाकोणाला साथ केली, संपलं. वाचल्यावर मलाच वाटत नाही की हा माणूस पेटी वाजवतो. स्वतःबद्दल लिहायचं तरी कसं?”

माझ्याकडे गाणारी-वाजवणारी मंडळी बरीच येतात आणि जवळजवळ हेच वाक्य वेगवेगळ्या आवाजांत माझ्या कानावर पडतं. गेल्या वर्षी आलेले एक संवादिनीवादक मात्र लक्षात राहिले. वय पन्नाशीच्या पुढचं. तीस वर्षं गवयांना साथ केलेली आणि आता पहिल्यांदाच स्वतंत्र वादनाचा कार्यक्रम ठरलेला.

त्यांनी आणलेला कागद मी वाचला. वयाच्या सातव्या वर्षापासून संगीताचे धडे, संगीत विशारद, आकाशवाणीचे मान्यताप्राप्त कलाकार आणि पुढे साडेपाच ओळी ज्यांना साथ केली त्या गायकांच्या नावांच्या. मी त्यांच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हटलं, “इथे दुसऱ्या कुठल्याही पेटीवाल्याचं नाव घातलं तर काय बदलेल?” ते कागदाकडे बघत राहिले. मग मी पेन्सिल दिली. दुसऱ्या कोणालाही लिहिता येईल त्या प्रत्येक शब्दाखाली रेघ ओढायला सांगितलं. रेघा ओढून झाल्यावर मोकळे राहिले ते फक्त तीन शब्द: ‘गावच्या हरिनाम सप्ताहात’.

ही नाव झाकण्याची परीक्षा मी सगळ्यांना देते. परिचय कोरडा का झाला हे तिने लगेच कळतं आणि जिवंत धागा कुठे शिल्लक आहे तेही कळतं.

पुढच्या भेटीत ते नवा मसुदा घेऊन आले. या वेळी उलटं झालं होतं. ‘सुरांच्या अथांग सागरातले यात्रिक’, ‘संवादिनी हाच ज्यांचा श्वास’. यादी टाळताना माणसं हमखास या काठाला लागतात. मी परत बोट ठेवलं. तेच म्हणाले, “हेही कोणालाही चालेल.”

विशेषणं पुरावा देत नाहीत म्हणून माणूस नावांकडे वळतो आणि नावं बोलत नाहीत म्हणून विशेषणांकडे. पेटीवाल्यांच्या बाबतीत यामागे एक जुनी जखमही असते. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. पट्ट्या ठरलेल्या, दोन सुरांमधली जागा दाखवता येत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद सरकत जाणारी मींड निघत नाही, हा आक्षेप होता. या गृहस्थांचे गुरुजी त्या काळात घडले. “आपलं वाद्य बैठकीत मागेच बसणार, हे आम्ही गृहीत धरलं होतं,” ते म्हणाले. मागे बसणाऱ्या माणसाच्या परिचयात पुढे बसणाऱ्यांची नावं येणारच. त्यांचा कागद आळशीपणाने लिहिलेला नव्हता. तीस वर्षं ते जिथे बसले, तिथूनच तो लिहिला गेला होता.

माझी बैठक मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सच्या विचारावर पक्की झालेली आहे. समोरच्याजवळ उत्तर असतं, आपण घाई केली नाही तर ते वर येतं, यावर माझा विश्वास आहे. म्हणून मी परिचयाचा विषयच सोडला आणि विचारलं, “साथ करताना तुम्ही नेमकं काय ऐकता?”

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “श्वास.”

“म्हणजे?”

“गाणारा श्वास घेतो ना, तो ऐकू येतो. छोटा असेल तर ओळ लवकर मिटणार. खोल असेल तर तान येणार. मी त्याच्यामागे अर्धं पाऊल राहतो. पुढे गेलो तर गायकाला ढकलल्यासारखं होतं.”

बोलताना त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर हलत होता. पंजा उघडायचा, मिटायचा, अगदी संथ. ते भाता ओढत होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. मी काही बोलले नाही. मग विचारलं, “आणि या कार्यक्रमात?”

हात थांबला. “या वेळी पुढे कोणी नाही. श्वास माझाच.” त्यांचे डोळे भरून आले. मीही थोडा वेळ तशीच बसून राहिले. इतक्या वर्षांच्या कामात मला हे क्षण ओळखता येतात, आणि तेव्हा प्रश्न न विचारणं हेही मी शिकले आहे.

त्यानंतर सगळं आपोआप निघत गेलं. सप्ताहात वडील अभंग म्हणत आणि हे सात वर्षांचे, फक्त भाता ओढत. पट्ट्यांना हात लावायची परवानगी नव्हती. गुरुजींनी पहिली दोन वर्षं पेटी बाजूला ठेवून गाणंच शिकवलं. मी मींडेचं विचारलं तेव्हा त्यांनी टेबलावर बोटांनी दाखवलं: आधीची पट्टी जराशी उशिरा सोडायची, पुढची दाबून झालेली असते, आणि त्याच क्षणी भात्याचा दाब कमी करायचा. “मींड निघत नाहीच. भास होतो.”

आम्ही मिळून जे लिहिलं ते असं, नाव वगळून:

‘गावच्या हरिनाम सप्ताहात वडील अभंग म्हणत, तेव्हा भाता ओढण्याचं काम यांचं होतं. पुढे गुरुजींनी दोन वर्षं पेटीला हात लावू दिला नाही, गाणं शिकवलं. गाणाऱ्याचा श्वास ऐकून साथ करण्याची सवय तिथली. पेटीवर मींड निघत नाही हे त्यांना मान्य आहे. तिचा भास करून देण्याचा प्रयत्न ते तीस वर्षं करत आहेत. आज पुढे गायक नाही. शेवट वडिलांच्या अभंगाने होईल.’

शंभराच्या आत बसलं. यात गुरू आहेत, पण ‘गानतपस्वी’ असं बिरुद नाही. गुरूंनी काय दिलं, किंवा काय करू दिलं नाही, ते आहे. आपल्याकडे गुरूचं नाव गाळता येत नाही आणि गाळूही नये. त्यांनी नाव घातलंच, एकदा.

असा मजकूर तयार झाला की मोठ्याने वाचून बघा, कारण पत्रिकेतला परिचय पुष्कळदा निवेदकच मंचावरून वाचतो. शंभर शब्दांना साधारण पाऊण ते एक मिनिट लागतं. जिथे वाचणाऱ्याला मध्येच श्वास घ्यावा लागतो ते वाक्य तोडा. सलग तीन नावं आली की श्रोता पत्रिकेचा पंखा करतो, मी पाहिलंय. आणि सुरुवात सुचत नसेल तर असं काही शोधा, जे तुमच्या हाताला किंवा गळ्याला अजूनही नीट जमत नाही. तिथे माणूस खोटं बोलत नाही.

जुना कागद मात्र फाडू नका. शिष्यवृत्तीच्या किंवा अनुदानाच्या अर्जाला तीच यादी लागते. तिथे हा नवा परिचय पाठवला तर कामाचा ठरत नाही. त्यांनी दोन्ही वेगळ्या पाकिटांत ठेवले.

एक गोष्ट सांगायची राहिली. मींडेच्या वाक्यात मी सुचवलं होतं, ‘तिचा भास करून देण्यात त्यांना यश आलं आहे’. त्यांनी चष्मा लावला, ‘यश’ खोडलं आणि वर ‘प्रयत्न’ लिहिलं.