जिगसॉ आणि थिंक-पेअर-शेअर: परस्परावलंबन कुठून येते?

प्रश्न: बी.एड.च्या अध्यापन पद्धतींच्या असाइनमेंटमध्ये जिगसॉ आणि थिंक-पेअर-शेअर या सहकारी अध्ययनाच्या पद्धती उदाहरणासह स्पष्ट करायच्या आहेत. दोन्हीत मुले एकमेकांशी बोलूनच शिकतात, मग नेमका फरक काय लिहावा? आणि ४० मुलांच्या वर्गात हे प्रत्यक्षात कसे घ्यायचे?

उत्तर:

मी अनेक वर्षे छात्राध्यापकांचे सराव पाठ पाहत आलो आहे. या दोन पद्धतींवर लिहिताना बहुतेक जण पायऱ्या बिनचूक लिहितात, पण त्या पायऱ्या तशाच का आहेत हे लिहायचे राहून जाते. तुम्ही मांडणी एका मुद्द्याभोवती ठेवा: विद्यार्थ्याला सोबत्याची गरज नेमकी कशामुळे पडते? जिगसॉमध्ये ती माहितीच्या वाटणीमुळे पडते, कारण पाठाचा एक भाग गटात फक्त एकाच विद्यार्थ्याजवळ असतो. थिंक-पेअर-शेअरमध्ये सर्वांसमोर एकच प्रश्न आणि एकच माहिती असते, त्यामुळे तिथे ही गरज आपोआप निर्माण होत नाही. ती शिक्षकाला प्रश्नाच्या निवडीतून आणि उत्तर मागण्याच्या रीतीतून निर्माण करावी लागते.

जिगसॉ अशी का घडली हे तिच्या जन्मकथेवरून चांगले समजते. १९७१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात शाळांमधील वांशिक विभागणी नुकतीच मोडण्यात आली होती आणि गोरी, कृष्णवर्णीय व मेक्सिकन वंशाची मुले प्रथमच एका वर्गात बसू लागली होती. वर्गांत तणाव होता, मारामाऱ्याही होत होत्या. सामाजिक मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्गांचे निरीक्षण केले, तेव्हा त्यांना असे दिसले की शिक्षकांनी प्रश्न विचारताच मोजकी मुले हात वर करतात, एकाला संधी मिळते आणि बाकीची त्याच्या चुकीची वाट पाहतात. अशा स्पर्धेत, आधी निकृष्ट शाळांत शिकलेली मुले रोज हरत होती. अ‍ॅरन्सन यांनी मुलांना सलोख्याचा उपदेश केला नाही, तर पाठाचे तुकडे करून प्रत्येकाच्या हाती एकेक तुकडा दिला. ज्याची चेष्टा होत असे त्याच्याजवळच आता चाचणीसाठी लागणारी माहिती होती, त्यामुळे त्याचे ऐकून घेणे आणि तो अडखळला तर त्याला नीट प्रश्न विचारून बोलते करणे हे बाकीच्यांच्या हिताचे झाले.

आता प्रत्यक्ष पाठ घेऊ. इयत्ता नववीच्या भूगोलातील बाह्यप्रक्रियांचा घटक जिगसॉसाठी सोयीचा आहे, कारण नदी, हिमनदी, वारा, सागरी लाटा आणि भूजल ही पाच कारके एकमेकांवर अवलंबून न राहता समजतात. ही अट महत्त्वाची आहे. वर्गसमीकरणाच्या सूत्राची सिद्धता पाच तुकड्यांत वाटली, तर तिसऱ्या पायरीच्या मुलाला दुसरी पायरी समजल्याशिवाय काहीच कळणार नाही. क्रमाने उलगडणाऱ्या आशयाला जिगसॉ लावू नये, हे असाइनमेंटमध्ये मर्यादा म्हणून अवश्य लिहा.

४० विद्यार्थ्यांचे पाच-पाच जणांचे आठ मूळ गट होतील. गट शिक्षकांनी स्वतः करावेत. प्रत्येक गटात वाचनात पुढे असलेली, मागे असलेली, बोलकी आणि अबोल मुले मिसळावीत. प्रत्येकाला गटाचा क्रमांक आणि कारकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी द्यावी, म्हणजे जागा बदलताना गोंधळ होत नाही. मुले आधी आपापला भाग एकट्याने वाचतात आणि मग एकाच कारकाची मुले तज्ज्ञ गटात एकत्र येतात. इथे आकड्याकडे लक्ष द्या: आठ मूळ गट म्हणजे प्रत्येक कारकाचे आठ तज्ज्ञ. आठ जणांच्या गटात तीन-चार मुलेच बोलतात, म्हणून प्रत्येक कारकाचे चार-चार जणांचे दोन तज्ज्ञ गट करावेत. त्या दिवशी ३८ मुलेच आली, तर सात मूळ गट करावेत आणि उरलेल्या तिघांना तीन वेगवेगळ्या गटांत जोडून तिथे एक भाग दोघांकडे द्यावा. वाचनात अडणाऱ्या मुलासाठी अशी जोडी मुद्दामही करता येते.

३५-४० मिनिटांच्या एका तासिकेत हे सगळे बसत नाही. पाठ टाचणात लागोपाठच्या दोन दिवसांच्या दोन तासिका दाखवा. पहिल्या तासिकेत पाच मिनिटे गट बसवायला, दहा मिनिटे वाचनाला आणि पंधरा मिनिटे तज्ज्ञ गटातील चर्चेला द्यावीत. उरलेल्या वेळात प्रत्येक तज्ज्ञाने आपल्या भागाचे चार-पाच ओळींचे टिपण लिहून द्यावे. दुसऱ्या दिवशी एखादा गैरहजर राहिला, तर त्याचा भाग त्या टिपणावरून सांगता येतो. दुसऱ्या तासिकेत मुले मूळ गटात परततात आणि प्रत्येक जण चार मिनिटांत आपला भाग शिकवतो, म्हणजे वीस मिनिटे होतात.

या सगळ्यात तज्ज्ञ गटातील पंधरा मिनिटे सर्वात नाजूक असतात. भूजलाच्या गटाजवळ उभे राहिलात, तर एखादी मुलगी पुस्तकातले वाक्य जसेच्या तसे म्हणताना ऐकू येईल: "भूजलाच्या विद्राव्य कार्यामुळे गुहा तयार होतात." वाक्य बरोबर आहे, पण ते समजले आहे का हे त्यावरून कळत नाही. तिला विचारा, "मग वेरूळची लेणी अशीच तयार झाली का?" ती "हो" म्हणाली, तर गटाला मुळाशी नेणे आवश्यक आहे. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल तयार होते, त्यात चुनखडी विरघळते आणि म्हणून अशा गुहा मुख्यतः चुनखडीच्या प्रदेशात आढळतात. वेरूळचा खडक बेसॉल्ट आहे आणि तिथली लेणी माणसाने छिन्नीने कोरलेली आहेत. हा खुलासा तिथेच झाला नाही, तर ती एक चूक चार तज्ज्ञांबरोबर चार मूळ गटांत पोहोचते, आणि तिथे तिला अडवणारे कोणी नसते, कारण बाकीच्यांनी तो भाग वाचलेलाच नसतो. मला जिगसॉची ही सर्वात मोठी जोखीम वाटते. त्यामुळे प्रत्येक तज्ज्ञ गटाला तीन नेमके प्रश्न लिहून द्यावेत: झीज कशी होते, झिजलेले द्रव्य कुठे साचते, आणि एखादे भूरूप याच कारकाचे आहे हे कशावरून ओळखावे? मूळ गटात परतण्यापूर्वी ही उत्तरे शिक्षकांनी ऐकावीत. ही उणीव भरून काढण्याचा दुसरा मार्ग रॉबर्ट स्लॅव्हिन यांच्या 'जिगसॉ दोन' या रूपात मिळतो. त्यात सर्वजण संपूर्ण पाठ वाचतात, एका भागात विशेष तयारी करतात, चाचणी स्वतंत्रपणे देतात आणि प्रत्येकाने आपल्या आधीच्या गुणांपेक्षा किती प्रगती केली यावरून गटाचे गुण ठरतात. यात चूक पकडली जाण्याची शक्यता वाढते, पण सोबत्यावरचे अवलंबन तेवढे सैल होते.

थिंक-पेअर-शेअर ही मेरीलँड विद्यापीठातील फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली पद्धत आहे. तिच्यामागे प्रश्नानंतरच्या शांततेचा विचार आहे. मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांचे निरीक्षण करून दाखवले होते की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादाच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद किंवा अधिक थांबले तर उत्तरे लांब होतात व गप्प राहणारी मुले कमी होतात. लायमन यांच्या पद्धतीत ही थांबण्याची वेळ हीच स्वतंत्र पायरी झाली आहे.

वरच्याच पाठात मूळ गटांतील शिकवणे संपल्यावर आठ मिनिटांत ही पद्धत वापरता येते. प्रश्न असा द्या: "नदी आणि हिमनदी दोन्ही उताराने वाहतात, तरी नदीची दरी 'व्ही' आकाराची आणि हिमनदीची 'यू' आकाराची का होते?" एक मिनिट प्रत्येकाने एकट्याने विचार करून वहीत दोन ओळी लिहाव्यात. हे लिहिणे वगळू नका, कारण न लिहिलेला विचार शेजारच्याचे उत्तर ऐकताच मागे पडतो आणि मग जोडीत एकच जण बोलतो. त्यानंतर तीन मिनिटे बाकावरच्या जोडीदाराशी चर्चा, बाकावर तिघे असतील तर तिघांत. उरलेल्या चार मिनिटांत शिक्षकांनी हात वर केलेल्यांना न विचारता चिठ्ठी काढून नाव घ्यावे आणि विचारावे, "तुझ्या जोडीदाराचे म्हणणे काय होते, आणि तुला ते पटले का?" जोडीदाराचे ऐकण्याला अर्थ येतो तो या एका नियमामुळे. चर्चेतून पोहोचायचे उत्तर असे: नदी प्रामुख्याने अरुंद पात्राचा तळ खोल करत जाते आणि काठांची झीज होऊन ते तिरपे उतरतात, तर हिमनदी दरी भरून सरकते आणि तळाबरोबर दोन्ही बाजूही घासत नेते.

"त्रिभुज प्रदेश म्हणजे काय?" यासारखा प्रश्न मात्र या पद्धतीला चालत नाही. ज्याला व्याख्या पाठ आहे तो पाच सेकंदांत सांगतो आणि उरलेला वेळ गप्पांत जातो. जोडीतील चर्चा मिनिटभरात शांत झाली, तर दोष बहुधा मुलांचा नसून प्रश्नाचा असतो.

मूल्यमापनासाठी शेवटच्या दहा मिनिटांत पाच कारकांवर प्रत्येकी दोन अशा दहा प्रश्नांची चाचणी वैयक्तिक घ्या. गटाने मिळून एकच उत्तरपत्रिका लिहू नये. मग प्रत्येक मुलाचे गुण दोन रकान्यांत मांडा: स्वतःच्या भागावरील दोन प्रश्नांचे आणि इतर आठ प्रश्नांचे. पहिला रकाना चांगला आणि दुसरा कोरडा असेल, तर तज्ज्ञ गट नीट चालले पण मूळ गटांत शिकवण्याऐवजी टिपणे वाचून दाखवली गेली. दोन्ही कमी असतील, तर वाचनाचा मजकूरच कठीण होता किंवा वेळ अपुरा पडला. एकाच कारकाचे प्रश्न काही ठरावीक मूळ गटांतील सर्वांचे चुकले असतील, तर त्या गटांतील तज्ज्ञ कोणत्या तज्ज्ञ गटात बसले होते ते पाहा. चूक बहुतेक वेळा तिथेच सापडते, आणि पुढच्या तासिकेत तेवढाच भाग शिक्षकांनी स्वतः पुन्हा शिकवावा.