महिन्याला एकच ओटीटी, अन् दादाचं वर्षाचं पॅकेज

प्रश्न: घरात तीन-चार ओटीटीचे पैसे कटतात, महिन्याला हजाराच्या घरात जातं. एक जण म्हणाला एका महिन्यात एकच घ्यायचं, पुढच्या महिन्यात दुसरं. हे खरंच जमतं का? पोरं ऐकतात का?

जमतं. आमच्याकडं दोन-अडीच वर्षं झाले चाल्लंय. पण पैसे वाचतात ते बंद करण्यात, अन् बंद करणंच लोकांना येत नाही. मला पण येत नव्हतं, म्हणूनच लिहायलोय.

मी परभणीचा, खत-बियाण्याचं दुकान आहे. २०२३ च्या जूनमध्ये पेरणीची गडबड सुरू झाली, रात्री दहाला घरी येऊन जेवायचं अन् झोपायचं, टीव्ही बघायला कोणाला वेळ आहे, म्हणून एका रविवारी बसलो अन् टीव्हीवरून, माझ्या फोनवरून, पोराच्या फोनवरून सगळे ॲप काढून टाकले. बायकोला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, हे घे, सगळं बंद केलं, आता दिवाळीलाच बघू. पोळ्याच्या आसपास पासबुक भरायला बँकेत गेलो तर एका ॲपचे २९९ तीनदा कटलेले, जून, जुलै, ऑगस्ट. मी काउंटरवरच सुरू झालो, बंद केलेल्या गोष्टीचे पैसे कामून कापता म्हणून. तिथला पोरगा माझ्या भाच्याच्या वयाचा असंल, शांतपणे म्हणाला, "काका, ॲप काढलं म्हणजे परवानगी काढली असं नसतं. कापायची परवानगी तुम्हीच देऊन ठेवलीय."

मागं पाच-सहा जण लाईनीत उभे, त्यातला एक माझाच गिऱ्हाईक. जाऊ द्या.

तर ती परवानगी म्हणजे मॅन्डेट. पहिल्यांदा पैसे भरताना आपण यूपीआयचा पिन टाकतो किंवा कार्डाचा ओटीपी देतो, तेव्हाच पुढच्या प्रत्येक महिन्याला कापायची मंजुरी होऊन जाते, नंतर पिन कोणी विचारत नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की पैसे कापायच्या किमान २४ तास आधी तुम्हाला मेसेज आला पाहिजे. आम्हाला पण आला होता, तीनही महिने आला होता. पण खातं जॉइंट, नंबर बायकोचा. तिला विचारलं तर म्हणे, "अहो, बँकेचे रोज दहा मेसेज येतात, मी काय सगळे वाचत बसू का?" बरोबरच आहे तिचं.

आता मी काय करतो ते सांगतो. ज्या दिवशी घेतलं त्याच दिवशी कॅन्सल करून टाकतो. लोकांना वाटतं कॅन्सल केलं की तिथंच बंद पडतं, तसं नाही, महिन्याचे पैसे भरलेत तर सहसा महिना संपेपर्यंत चालतं, फक्त पुढचं कटत नाही. कॅन्सल केल्यावर स्क्रीनवर शेवटची तारीख येते, ती दिसली तरच झालं समजा. फुकटच्या ट्रायलला मात्र हे करू नका, काही ठिकाणी कॅन्सल केलं की लगेच बंद होतं.

अन् जिथून घेतलं तिथूनच कॅन्सल करायचं. माझ्या पोरानं त्याच्या फोनवरून प्ले स्टोअरमधून घेतलेलं होतं अन् मी टीव्हीवर शोधत बसलो होतो, तिथं काही सापडंना. त्याच्या फोनवर प्ले स्टोअर उघडून, वर फोटोला हात लावून, Payments & subscriptions, मग Subscriptions, तिथं निघालं. त्यानंतर यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी बघायची. आमच्या यादीत चार चालू निघाले, त्यात एक योगाचं ॲप, जे बायकोनं एकदाच उघडलं होतं. नुसतं मॅन्डेट तोडलं तर पैसे कटत नाहीत हे खरं, पण तिकडं तुमचं खातं पेमेंट अडकलंय म्हणून लटकून राहतं अन् रोज ईमेल येतात, म्हणून आधी कॅन्सल, मग यादी.

हा झाला धडा. आता दादाचं.

माझा मोठा भाऊ संभाजीनगरला असतो. त्याचं एकच टुमणं, "तू येडा आहेस, वर्षाचं घे, स्वस्त पडतं." दर दिवाळीला हाच वाद, आईसमोर. म्हणून मी एकदा कागदावर मांडलं. मी बघितलं तेव्हा प्राइम महिन्याचं २९९ अन् वर्षाचं १४९९. म्हणजे पाच महिन्यांचे १४९५ होतात. वर्षात सहा महिने किंवा जास्त बघणार असाल तर दादा बरोबर, पाचाच्या आत असाल तर मी बरोबर. आम्ही बघतो तीन महिने, ८९७. दादाला विचारलं तू किती महिने बघतोस, तर तो ऑनलाइन मागवलेल्या सामानाच्या डिलिव्हरीवर घसरला. ते वेगळं खातं झालं ना, तो सिनेमाचा खर्च कसा? अन् नेटफ्लिक्सला तर आपल्याकडं वर्षाचं पॅकेजच नव्हतं, महिन्याचंच होतं, तिथं त्याचा मुद्दाच संपतो. फिरवायला सगळ्यात सोपं तेच.

आमचं आधीचं नेटफ्लिक्सचं ६४९ अन् प्राइमचं २९९, दोन्ही बाराही महिने, म्हणजे वर्षाला ११३७६. सोयाबीनला ४५०० चा भाव धरा, अडीच क्विंटल गेलं. आता नेटफ्लिक्स १९९ वालं चार महिने, ७९६, अन् प्राइमचे ८९७, मिळून १६९३. कालनिर्णयवर तारखा पेनानं लिहून ठेवतो, एक संपल्याशिवाय दुसरं घ्यायचं नाही. पेरणीच्या दोन महिन्यांत काहीच नाही.

क्रिकेटचं ह्यात धरलेलं नाही. आमचे आबा आयपीएल सोडत नाहीत. ते साधारण मार्चच्या शेवटी सुरू होतं अन् दोन महिन्यांच्या थोडं वर चालतं, त्यामुळं पहिल्याच दिवशी महिन्याचं पॅक घेतलं तर दोन महिने नेमके फायनलच्या आधी संपतात अन् तिसरा घ्यावा लागतो. आम्ही पहिले दहा-बारा दिवस सोडून घेतो, तेवढे दिवस आबा दुकानातल्या रेडिओवर स्कोअर ऐकत कुरकुर करतात. अन् घ्यायच्या आधी मोबाईलच्या रिचार्जमध्ये काय येतं ते बघा, आमच्या पुतण्याच्या पॅकमध्ये तेच ॲप होतं अन् एक वर्ष आम्ही वरून पैसे भरले.

एक कबूल करतो, दादा हे वाचत नाही म्हणून. माझी सगळी बचत फिरवण्याची नाही. ६४९ वरून १९९ वर आलो, नुसतं तेवढंच केलं असतं अन् बारा महिने ठेवलं असतं तरी ५४०० वाचले असते. १९९ ला एका वेळी एकच स्क्रीन चालते, चित्र थोडं कमी चकचकीत असतं, आमच्या ३२ इंची टीव्हीला काही फरक कळत नाही. तुम्ही पण आधी प्लॅनच बघा.

पोरांचं विचारलंत. ऐकत नाहीत. दर आठवड्याला एक भाग येणाऱ्या सिरीज असतात त्यांची लई पंचाईत होते, सगळे भाग येऊन गेल्यावर घ्यावं तर शेवट ट्यूशनमध्ये कोणीतरी सांगून टाकतं. धाकटीनं त्यावरून दोन दिवस जेवण सोडलं होतं, म्हणजे माझ्यासमोर सोडलं होतं. अन् घरात कोणी रोजची मराठी मालिका ॲपवर बघत असंल तर ते फिरवायच्या भानगडीत पडू नका, ते एक कायम ठेवा अन् बाकीचे फिरवा. मी ते पण बंद करून बघितलं होतं. चौथ्या दिवशी परत चालू केलं, आईनं बोलणंच सोडलं होतं.