पूजेची भाषा बदलली की पुरोहिताचा अधिकारही जातो का?

प्रश्न: भाषा आणि धर्म या विषयावर पेपर लिहितोय. संस्कृतऐवजी मराठीत विधी केले की लोकांना विधी खुला होतो, पण पुरोहिताचा अधिकार खरंच कमी होतो का?

उत्तर: आपोआप नाही. या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजा.

सत्यशोधक लग्न घ्या. जुन्या पद्धतीत पुरोहित संकल्प सांगतो आणि यजमान शेवटी फक्त ‘मम’ म्हणतो. न समजता होकार देण्याला आपण ‘मम म्हणणे’ म्हणतो, ते यावरूनच. जोतीराव फुल्यांनी १८८७ साली छापलेल्या पूजाविधीत मराठी मंगलाष्टकं वधू-वर स्वतः एकमेकांना उद्देशून म्हणतात. वधू स्त्रियांच्या हक्कांविषयी बोलते आणि वर तिला वचन देतो. इथे नुसतं भाषांतर झालेलं नाही, बोलणारा माणूस बदलला आहे. म्हणून पेपरमध्ये प्रत्येक वाक्य कोण उच्चारतो, कोणाला उद्देशून आणि त्याला ते कळतं का, याचा तक्ता करा.

अधिकाराची दुसरी मुळं मात्र भाषेबाहेर असतात. ओतूरला १८८४ मध्ये ब्राह्मण पुरोहिताशिवाय लग्न लागलं, तेव्हा गावच्या जोश्यांनी दक्षिणेसाठी दावा लावला. बोलावलं नाही तरी वतनाचा हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. १८९० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ते हरले. म्हणजे विधी मराठीत आला तरी दक्षिणेच्या हक्काचा निकाल कोर्टातच लागला.

नेहमीची चूक सत्यनारायणाच्या पूजेत दिसते. कथा मराठीत ऐकवतात म्हणून ती पूजा ‘लोकभाषेतली’ धरली जाते, पण संकल्प आणि मंत्र संस्कृतातच राहतात, पुरोहिताकडेच.