बायकोच्या नावावरच्या एफडीचं व्याज कोणाच्या उत्पन्नात?

प्रश्न: मी बायकोला १० लाख रुपये भेट दिले, तिने एफडी केली. व्याजावर कर कोणी भरायचा? मुलाच्या नावावर केली असती तर?

उत्तर: व्याज तुमच्याच उत्पन्नात धरलं जाईल. भेटीवर कर नाही, पण त्या पैशातून येणारं उत्पन्न देणाऱ्याकडे परत येतं. बँक टीडीएस बायकोच्या पॅनवर कापते, म्हणून अनेकांची फसगत होते.

समजा व्याजदर ७ टक्के आहे. पहिल्या वर्षीचे ७०,००० रुपये तुमच्या रिटर्नमध्ये दाखवा. तेच ७०,००० तिने वेगळे गुंतवले आणि त्यावर ४,९०० मिळाले, तर ते मात्र तिचं उत्पन्न. मूळ १० लाखांचं व्याज दरवर्षी तुमच्याकडेच येत राहील. म्हणून व्याज वेगळ्या खात्यात घ्यायला सांगा. एकाच खात्यात मिसळलं की हा हिशेब दाखवताना फार त्रास होतो.

अल्पवयीन मुलाच्या बाबतीत ही सवलत नाही. व्याजावरचं व्याजही, ज्या पालकाचं उत्पन्न जास्त त्याच्याकडे जातं, मग पैसे आजोबांनी दिलेले का असेनात. मुलाने स्वतःच्या कष्टाने किंवा कलेने कमावलेलं, उदाहरणार्थ मालिकेतल्या कामाचं मानधन, तेवढं त्याचं स्वतःचं. पण ते मानधन एफडीत ठेवलं, की त्याचं व्याज पुन्हा पालकाकडे.