फोटोवरून कॉफीचा रोस्ट किती झालाय हे कसं ठरवायचं?

"सोलापुरात घरीच कढईत बिया भाजतो. मोबाइलच्या फोटोतला रंग स्केलशी जुळवला तर लेव्हल कळेल का?"

कळेल, पण ॲगट्रॉन स्केलच्या तबकड्या, म्हणजे रोस्टच्या रंगांचे आकडे दिलेले नमुने, आणि कॉफी एकाच फोटोत हवी. स्केलचा फोटो काल, कॉफीचा आज असं चालत नाही, कारण मोबाइल दर फोटोला रंग स्वतःच्या मनाने बदलतो.

अख्ख्या बियांचा फोटो घेऊ नका. कढईत बी बाहेरून काळपट होते आणि आतून फिकी राहते, आपल्या शेंगदाण्यासारखीच. शिवाय गडद रोस्टवर तेल सुटलं की चमक येते आणि रंग खोटा उजळ दिसतो. बारीक दळा, बशीत दाबून सपाट करा.

ॲगट्रॉन स्केलच्या तबकड्या 95 पासून 25 पर्यंत, दहा-दहाच्या अंतराने असतात. आकडा कमी तितका रोस्ट गडद. घरच्या प्रिंटरवर छापलेला स्केल मात्र बाद, शाईचा रंग भरवशाचा नसतो.

आपल्याकडच्या दुपारच्या थेट उन्हात सावल्या पडतात, म्हणून व्हरांड्यातल्या सावलीत, फ्लॅश बंद ठेवून, वरून सरळ फोटो घ्या. मग फोटो कृष्णधवल करून कलर पिकरने, म्हणजे फोटोतला रंग आकड्यात सांगणाऱ्या ॲपने, उजळपणा मोजा. समजा 55 ची तबकडी 92 दाखवते, 45 ची 78 आणि तुमची पूड 85, म्हणजे रोस्ट साधारण 50, मध्यम. बशी फिरवून पुन्हा मोजा. आकडा बराच हलला तर उजेड एका बाजूने जास्त पडतोय.