जिम सोडायचंय, उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतील का?

प्रश्न: मी जानेवारीत २४,००० भरून १२ महिन्यांची जिम मेंबरशिप घेतली. एप्रिलपासून पाठदुखीने बंद आहे, एमआरआयमध्ये स्लिप डिस्क निघाली. फॉर्मवर लिहिलंय की वैद्यकीय कारणाने, सर्टिफिकेट जोडून, ३० दिवसांची लेखी नोटीस दिली तर मेंबरशिप रद्द होईल आणि "वापरलेल्या महिन्यांची फी व १०% वजा करून" रक्कम परत मिळेल. पण पावतीवर "पैसे परत मिळणार नाहीत" असा शिक्का आहे आणि मॅनेजर म्हणतात फ्रीज करून घ्या. आज ३१ मे. काय करू?

उत्तर: ताई, सगळ्यात आधी लेखी नोटीस द्या, उद्याच, म्हणजे १ जूनला. एप्रिलपासून तुम्ही जात नाही हे जिमला माहिती असलं तरी तुमच्या अटीप्रमाणे घड्याळ नोटिशीपासून सुरू होतं, तोंडी सांगितलेलं किंवा रिसेप्शनवर बोललेलं नंतर कोणी कबूल करत नाही. मेल करा, तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि मॅनेजरशी व्हॉट्सॲपवर जे बोलणं झालंय ते डिलीट करू नका.

शिक्क्याला घाबरू नका. तुमची सही फॉर्मवर आहे आणि त्या फॉर्मात रिफंडची अट त्यांनीच छापलीय, पैसे घेतल्यावर पावतीवर शिक्का मारून ती अट पुसता येत नाही.

आता सर्टिफिकेट, कारण बहुतेकांचं इथेच अडतं. डॉक्टर सवयीने "दोन आठवडे विश्रांती" लिहून देतात आणि मग जिम म्हणते दोन आठवडेच ना, फ्रीज करा की. डॉक्टरांना नीट विचारा आणि त्यांचं खरंच तसं मत असेल तर "जिममधला व्यायाम डिसेंबरअखेरपर्यंत करू नये" असं स्पष्ट लिहून घ्या, एमआरआयची तारीखही त्यात येऊ दे. आणि तोपर्यंत फ्रीजच्या कुठल्याही कागदावर सही करू नका, ती केलीत तर तुम्हीच मेंबरशिप चालू ठेवायला तयार झालात असं ते म्हणणार.

खरा वाद होईल तो हिशोबावर. १ जूनला नोटीस दिली की ३० जूनला मेंबरशिप संपते, म्हणजे ६ महिने झाले. वर्षाचे २४,००० म्हणजे महिन्याला २,०००, सहा महिन्यांचे १२,०००, वर पूर्ण फीचे १०% म्हणजे २,४००, एकूण कपात १४,४०० आणि तुम्हाला परत ९,६००. पण जिम बहुधा म्हणेल की वर्षाचा दर सवलतीचा होता, महिन्याचा सुटा दर लावू. तो समजा ३,००० असला तर कपात २०,४०० होते आणि हातात येतात फक्त ३,६००. फॉर्म पुन्हा वाचा. सुटा मासिक दर लावणार असं त्यात स्पष्ट छापलं असेल तर तुमची बाजू थोडी कमजोर आहे, पण नुसतं "महिन्यांची फी" असेल तर दोन अर्थ निघणारी अट ज्याने लिहिली त्याच्या विरोधात वाचली जाते, त्यामुळे ९,६०० च मागा. नोटीस एक महिना लांबली तर हेच ७,६०० होतील, आणि त्यांच्या हिशोबाने तर जेमतेम ६००, म्हणून उद्याच म्हणतेय. एप्रिल, मेमध्ये गेलाच नाहीत म्हणून ते महिने "वापरलेले" नाहीत असंही मांडता येईल, पण त्यावर फार भरवसा ठेवू नका, नोटीस नव्हती ना.

पत्रात हा हिशोब आकड्यांसकट लिहा, बँकेचा तपशील द्या आणि ३० जूननंतर १५ दिवसांत पैसे मागा. नाही दिले तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, बऱ्याचदा तिथून फोन गेला की जिम जागी होते. तरीही नाही तर e-jagriti.gov.in वरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. वकील लागत नाही, ५ लाखांपर्यंत फी नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते आणि मुदत २ वर्षांची आहे.

तक्रारीत एक काळजी घ्या, जिमच्या अटी अन्यायकारक आहेत असं मुख्य म्हणणं ठेवू नका. २०१९ च्या कायद्यात करारच अन्यायकारक आहे ही तक्रार राज्य आयोगाकडे जाते, जिल्ह्याकडे नाही. तुम्ही इतकंच म्हणा की जिमने स्वतःची अट पाळली नाही आणि ही सेवेतली त्रुटी आहे.

आणि हे पैसे फायनान्स कंपनीकडून ईएमआयवर भरले असतील तर हप्ते थांबवू नका, ते कर्ज वेगळं आहे, जिमवरचा राग तिथे काढलात तर सिबिल तुमचाच बिघडेल. तशा वेळी नोटिशीची कॉपी फायनान्स कंपनीलाही मेल करा आणि रिफंड कोणाच्या खात्यात जाणार ते दोघांकडूनही लेखी घ्या.