बाबांचा क्लास, तुझा फोटो आणि ‘१००% प्रवेश’

*मी कोपरखैरणेला राहते, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाबांचा अकरावी-बारावीचा क्लास आहे. त्यांच्या सांगण्यावरून मी सीईटी आणि कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेवर चौदा मिनिटांचा व्हिडिओ केला. आता त्यांना शीर्षक ‘८५ पर्सेंटाइलला टॉप कॉलेज, १००% प्रवेश’ असंच हवंय, थंबनेलवर ‘आमची विद्यार्थिनी’ म्हणून माझा फोटो आणि खाली क्लासचा नंबर. मी तिथे फक्त केमिस्ट्रीला बसायचे. नाही म्हटलं की ‘तुझी फी याच क्लासमधून जाते’ हे ऐकावं लागतं. व्ह्यूज मिळतील आणि खोटंही होणार नाही, असं शीर्षक, वर्णन, टॅग कसे लिहू?*

टॅगचं आधी उरकते, कारण त्यात काही नाही. यूट्यूबवर टॅगचा उपयोग नावाच्या स्पेलिंगमध्ये लोक गोंधळतात तिथे थोडाफार होतो. चार-पाच टाक आणि सोडून दे. वर्णनात पन्नास कॉलेजांची नावं कोंबू नकोस, ते यूट्यूबच्या नियमांतही बसत नाही.

मला खटकलं ते फीचं वाक्य. मुलीची फी भरणं हे बाबांचं काम आहे आणि ते ते करताहेत, त्याबद्दल कृतज्ञता असावी. पण त्या फीच्या बदल्यात तुझा चेहरा जाहिरातीला मागणं हा व्यवहार झाला, आणि या व्यवहारात जोखीम तुझी आहे. जुलैमध्ये एखाद्या मुलाला फेरीत काहीच मिळालं नाही की त्याचे आईवडील क्लासच्या नंबरवर फोन करतील, पण त्यांच्या लक्षात राहिलेली असशील तू. शिवाय कॉलेजमध्ये तुझ्या बाकावर शेजारी बसणाऱ्या कोणाचा तरी धाकटा भाऊ तो व्हिडिओ बघून फॉर्म भरणार आहे. बाबांना हे सांगताना आवाज चढवायची गरज नाही. ‘व्हिडिओ देते, शीर्षक माझं राहील’ इतकं एकदाच म्हण आणि त्यावर ठाम राहा.

त्यांना नीतीची भाषा पटणार नसेल तर नियमांची पटेल. कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. प्रवेशाची किंवा निवडीची हमी देणारे दावे त्यांत बसत नाहीत. विद्यार्थ्याचा फोटो वापरायचा तर निवड झाल्यानंतर त्याची लेखी संमती हवी आणि तो नेमका कोणत्या कोर्सला होता हेही सांगायला हवं. म्हणजे ‘आमची विद्यार्थिनी’ एवढं पुरत नाही, ‘केमिस्ट्रीची विद्यार्थिनी’ असं लिहावं लागेल. आणि खुलासा दाव्याच्याच आकाराच्या अक्षरांत हवा. मोठ्या ‘१००%’ खाली मुंगीएवढं ‘अटी लागू’ चालत नाही. क्लास लहान आहे म्हणून आपल्याला काही लागू नाही, असं बाबा म्हणतील. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर बंदी आहे, आणि ती सगळ्यांनाच लागू आहे.

आता त्या ८५ कडे येऊ. गंमत म्हणजे हा आकडा बहुधा खोटा नसतो. कट-ऑफच्या पीडीएफमध्ये एकाच कॉलेजच्या एकाच शाखेसमोर बरेच रकाने असतात: `GOPENH`, `GOPENO`, `LOPENH`, `TFWS`, `EWS` आणि राखीव प्रवर्गांचे वेगळे. `G` म्हणजे सर्वसाधारण, `L` म्हणजे मुलींसाठीची जागा. शेवटचा `H` म्हणजे त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातले विद्यार्थी, `O` म्हणजे बाहेरचे आणि `S` म्हणजे राज्यस्तर. ठाणे जिल्ह्यातून बारावी झालेल्या खुल्या गटातल्या मुलाने मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजसाठी `GOPENH` बघायचा असतो. स्वायत्त कॉलेजांत बहुतेकदा `GOPENS` दिसतो. समजा एका शाखेत `GOPENH` ९४ ला बंद झाला, `LOPENH` ९२ ला, आणि शेवटच्या फेरीत कुठल्याशा राखीव रकान्यात एकच जागा ८५ ला भरली. बाबांचं शीर्षक त्या एका जागेवर उभं आहे. रकाना, शाखा आणि फेरी ही तीन नावं काढून टाकली की खरा आकडा फसवा होतो. तुला ८५ लिहायचाच असेल तर ही तिन्ही त्याच ओळीत लिही. लिहून बघ, शीर्षक आपोआप कोसळेल.

यात आणखी एक गैरसमज आहे आणि तो क्लासवाल्यांचाही असतो: कट-ऑफ म्हणजे कॉलेजने ठरवलेली पात्रता. तसं नाही. त्या फेरीत त्या रकान्यातून शेवटी आत गेलेल्या विद्यार्थ्याचे जे पर्सेंटाइल, तोच कट-ऑफ. तो आधी ठरत नाही, फेरी झाल्यावर कळतो. आणि पर्सेंटाइल म्हणजे गुणांची टक्केवारीही नव्हे. पीसीएमचा पेपर २०० गुणांचा असतो: गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे पन्नास-पन्नास एकेका गुणाचे. ९२ पर्सेंटाइल म्हणजे १८४ गुण असं समजणारे पालक दरवर्षी भेटतात. आपल्या सत्रातल्या साधारण किती टक्के मुलांएवढे किंवा त्यांच्यापेक्षा जास्त गुण आहेत, एवढंच तो आकडा सांगतो. आता हिशोब कर. पीसीएमला ३ लाख मुलं बसली असतील तर ९२ पर्सेंटाइलच्या पुढे सुमारे २४ हजार असतात. ४ लाख बसली तर सुमारे ३२ हजार. पर्सेंटाइल तेच, पण पुढच्या रांगेत आठ हजार मुलं वाढली. जागा तेवढ्या वाढल्या नसतील तर गेल्या वर्षी ९२ ला मिळालेली शाखा यंदा मिळेलच असं नाही. म्हणून व्हिडिओत पर्सेंटाइलशेजारी राज्य मेरिट क्रमांक दाखव. तुलना करायची तर क्रमांकाची कर.

शीर्षकात तीन गोष्टी हव्यात: परीक्षा, वर्ष, आवाका. फोनवर शेवट कापला जातो, म्हणून वर्ष पुढे घे. मी असं लिहिलं असतं: ‘एमएचटी-सीईटी पीसीएम २०२५-२६: निकालानंतर कॅपच्या चार फेऱ्या कशा चालतात’. हे भडक नाही. पण निकालाच्या रात्री लोक ‘निकालानंतर काय’ हेच शोधतात, त्यामुळे व्ह्यूजची फार काळजी करू नकोस.

वर्णनाच्या पहिल्या दोन ओळीच न उघडता दिसतात. तिथे बहुतेक जण क्लासचा नंबर टाकतात आणि खुलासा हॅशटॅगच्या खाली पुरतात. तू उलटं कर. पहिली ओळ: ‘यातले कट-ऑफ २०२५-२६ चे आहेत. यंदा ते बदलतील, हा व्हिडिओ प्रवेशाची हमी देत नाही.’ दुसरी ओळ: ‘तारखा आणि नियम फक्त `cetcell.mahacet.org` वर तपासा.’ त्याखाली: ‘क्लास माझ्या वडिलांचा आहे, मी तिथे केमिस्ट्री शिकले.’ मग नंबर. बाबांना नंबर मिळाला, तुला झोप मिळाली.

त्यानंतर टप्पे. यूट्यूबला पहिला टप्पा `0:00` पासून लागतो, किमान तीन टप्पे हवेत आणि प्रत्येक किमान दहा सेकंदांचा. तुझ्या चौदा मिनिटांना हे पुरेल:

```
0:00 कोणासाठी, कोणत्या वर्षाचं
0:50 सीईटी नोंदणी वेगळी, कॅप नोंदणी वेगळी
2:40 कागदपत्र पडताळणी आणि मेरिट याद्या
5:00 पर्सेंटाइल, क्रमांक, कट-ऑफचे रकाने
8:30 पसंतीक्रम आणि चार फेऱ्या
12:20 यातून काय कळणार नाही
```

`0:50` चा टप्पा गाळू नकोस. सीईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असं समजून बसणारी घरं असतात. निकालानंतर कॅपची नोंदणी वेगळी करायची, कागदपत्रं चढवायची, ती तपासून घ्यायची, तात्पुरत्या मेरिट यादीत नाव, प्रवर्ग, गुण पाहायचे आणि चूक असेल तर हरकतीच्या मुदतीतच नोंदवायची. अंतिम यादी लागल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. नॉन-क्रीमीलेअर किंवा जात वैधता प्रमाणपत्र वेळेत न आल्यास अर्ज खुल्या गटात जातो, आणि मग आधी पाहून ठेवलेले सगळे कट-ऑफ निरर्थक ठरतात.

`8:30` ला जरा थांब, कारण ‘१००% प्रवेश’ खरं नुकसान इथे करतो. ३०० पर्यंत पर्याय भरता येतात. हमीवर विश्वास ठेवणारा मुलगा सहा भरतो आणि फेरीतून रिकाम्या हाताने बाहेर पडतो. घाबरलेला उलट करतो: मिळण्याची खात्री असलेलं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकतो. २०२५-२६ च्या नियमाने पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की जागा आपोआप पक्की झाली. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्यात पहिल्या सहापैकी काही मिळालं तरी तसंच. त्यानंतर वरच्या पर्यायासाठी पुढची फेरी नाही. म्हणजे भीतीने पहिल्या क्रमांकावर टाकलेलं कॉलेज त्याच्या गळ्यात पडतं, जरी गुण त्याहून चांगल्या ठिकाणी पुरत असले तरी. क्रम आवडीने लावायचा आणि खात्रीची कॉलेजं खाली भरपूर टाकायची, हे सरळ वाक्य व्हिडिओत दोनदा म्हण. यंदाच्या माहिती पुस्तिकेत नियम तोच आहे का, ते मात्र आधी बघून घे.

जेईईबद्दल एक ओळ पुरे: राज्यातल्या काही जागा जेईई मेनवरून भरतात, आयआयटीला अ‍ॅडव्हान्स्ड लागते, तो वेगळा व्हिडिओ.

शेवटच्या टप्प्यात काय सांगता येत नाही ते सांग: यंदा किती मुलं बसली, किती जागा वाढल्या, कोणत्या शाखेकडे लोंढा वळला. कॉलेजांच्या ‘सर्वाधिक पॅकेज’चा उल्लेख असेल तर काढून टाक, तो एका विद्यार्थ्याचा आकडा असतो, वर्गाचा नव्हे.

आणि पुढच्या मे महिन्यात बाबा म्हणतील, ‘शीर्षकातलं वर्ष तेवढं बदल.’ तसं करायचं नाही. फेऱ्यांचे नियम आणि कट-ऑफ दोन्ही जुने असतील. जुन्या व्हिडिओच्या शीर्षकात २०२५-२६ तसंच ठेव, वर्णनाच्या पहिल्या ओळीत ‘हा जुना आहे’ असं लिही आणि नव्या माहिती पुस्तिकेवरून नवा कर. तुझ्या सबमिशन तेव्हा असतील, तर कोणीतरी दुसरा करेल. क्लासला आणखी शिक्षक असतीलच.